चौदा आत, तेरा बाहेर

स्नेहवर्धन मराठी मंडळ सभागृह, वैशाली नगर, भिलाई
रात्रपाळीची नोंदवही. दि. १६ मे, शुक्रवारची रात्र.
पहारेकरी : बाबाराव ढोके

रात्री ८.०० — दिवसपाळीच्या देवेंद्र साहूकडून चार्ज घेतला. किल्ल्या नऊ, बोर्डावर नऊही हात लावून मोजल्या. आग विझवायची सिलिंडरं चार, चारहीचा काटा हिरव्यात. टॉर्च चालू. विजेच्या मीटरचा आकडा मीटरच्या पानावर लिहिला. देवेंद्रनं आपल्या नोंदीत लिहिलं आहे, की मागच्या लोखंडी जिन्यापाशी गुलमोहर दुपारपासून करकर करून राहिला, तिकडे गाड्या लावू देऊ नये. मी स्वतः जाऊन पाहिलं. खरं आहे. तिथं उभी असलेली एक स्कूटर पुढं आणून लावली. दोघांच्या सह्या झाल्या.

८.१० — सभागृहात नाटकाची तालीम चालू. परवा रविवारी मंडळाचा वार्षिक दिवस आहे. गेटच्या पानावर देवेंद्रच्या अक्षरात चौदा नावं आहेत. मी आत जाऊन डोकी मोजली. चौदाच भरली. सचिव दिवाकर देशकर साहेब राजाचं काम करून राहिले, कमलाताई राणीचं. सरला बाई स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून पुस्तकातून संवाद सांगून राहिल्या.

८.४० — गेट शांत आहे म्हणून थोडं लिहितो. कोणी नवा माणूस ही वही वाचेल तर त्याले वाटेल, पहारेकरी इतकं कावून लिहिते. याचं कारण सरला बाई आहेत. त्या शाळेतून रिटायर झाल्या आणि मंडळाच्या कार्यकारिणीत आल्या. दर महिन्याला ही वही घरी नेऊन वाचतात. मी सहा वर्षांमागं इथं लागलो तेव्हा रोज लिहायचो, "सर्व ठीक." पहिल्याच महिन्यात बाईंनी वहीत लाल शाईनं विचारलं, ठीक म्हणजे काय पाहिलं ते लिहा. मग एक-एक नियम सांगितला. आधी वेळ, मग घटना. जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं, जे ऐकलं ते वेगळं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मधात ओळ कोरी सोडायची नाही. आत आलेला माणूस बाहेर गेला की नाही, ते रोज जुळवायचं.

मी तुमसरकडचा. एकोणिसाव्या वर्षी भिलाईला आलो. पंचवीस वर्षं प्लांटमध्ये ठेकेदाराकडं काम केलं, कोक ओव्हनच्या बाजूला. शाळा सातवीपर्यंत झालेली. घरी बोलायला मराठी, बाहेर सगळी हिंदी, लिहायचं काम सहीपुरतं. या वहीनं मले पुन्हा लिहायला लावलं. आता बायको विजया म्हणते, की बोलण्यापेक्षा तुमचं लिहिणंच जास्त होते.

९.१५ — सरला बाईंनी किल्ली क्रमांक सात नेली. गच्चीवरची पोशाखांची खोली. राजाचा शेला पाहायचा आहे म्हणाल्या. किल्लीच्या पानावर त्यांची सही घेतली. त्या मागच्या लोखंडी जिन्यानं वर गेल्या. टॉर्च देऊन राहिलो होतो, पण वर दिवा आहे म्हणून घेतला नाही.

९.३० — पश्चिमेकडून एकदम अंधड सुटला. धूळ इतकी की समोरचं मेडिकल दिसेना. गेटचं एक फाटक आपोआप आपटलं, त्याले साखळी लावली. वाहनांचं पान ओलं होऊ नये म्हणून वही टेबलाच्या खणात ठेवली.

९.३८ — तालीम मोडली. थेंब पडायला लागले तशी मंडळी ओरडत, पदर सांभाळत गाड्यांकडं धावली. वही खणात होती म्हणून गेटमधून जाणाऱ्या माणसामागं एक रेघ डाव्या तळहातावर मारत गेलो. चार गाड्या, तीन स्कूटर. बाहेर गेले : चौदा.

(वरचा "चौदा" एका रेघेनं खोडला. चौदा आले होते म्हणून हात सवयीनं चौदा लिहून गेला. तळहातावर पाच, पाच आणि तीन रेघा आहेत. तेरा वाचावे. बा. ढो.)

९.४५ — गारा. बोरांएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की माझाच आवाज मले ऐकू येईना. वीज गेली. सगळं वैशाली नगर अंधारात.

९.५२ — मागच्या बाजूला मोठा आवाज झाला. झाड पडलं असावं. हे ऐकलेलं आहे, अजून पाहिलेलं नाही. गारांमुळं चौकीतून निघता येत नाही.

९.५५ — बसल्या-बसल्या तेराच्या आकड्यावर मन अडकलं. रेघ मारायची राहिली असेल, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. मग टॉर्च किल्ल्यांच्या बोर्डावर मारला. सातचा खिळा रिकामा. माणूस मोजण्यात चूक होऊ शकते, पण किल्ली परत आली असती तर खिळ्यावर असती.

१०.०० — गारा कमी झाल्या. दिवाकर साहेबांना फोन केला. ते म्हणाले की बाई कमलाताईंच्या गाडीत बसल्या. कमलाताईंना केला. त्या म्हणाल्या की बाई दिवाकर साहेबांसोबत गेल्या. मग सरला बाईंच्या मोबाइलवर लावला. घंटी फोनमध्येही वाजली आणि सभागृहाच्या अंधारातही वाजली. आत जाऊन पाहिलं. मोबाइल, चष्म्याचं घर आणि नाटकाचं पुस्तक त्यांच्या खुर्चीवर होतं.

बाई इथंच आहेत.

१०.०८ — मागं गेलो. गुलमोहर मुळासकट पडला आहे. त्याची मोठी फांदी लोखंडी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर आणि पोशाखांच्या खोलीच्या दारावर रेलली आहे. ते दार बाहेर उघडते, म्हणून आतून ढकलून उघडणार नाही. याच्यापेक्षा वाईट गोष्ट अशी, की खांबावरून इमारतीत येणारी विजेची केबल झाडानं तोडली. तिचं तुटलेलं टोक जिन्याच्या कठड्यावर पडलं आहे. जिना पूर्ण लोखंडाचा, आणि ओला. पहिल्या पायरीवर पाय ठेवणारच होतो. टॉर्चच्या उजेडात तांबं चमकलं म्हणून थांबलो.

दिवे गेले म्हणजे तार मेली असं नसते. करंट कधीही परत येतो. मेन स्विच पाडूनही फायदा नाही, कारण तुटलेला तुकडा मेन स्विचच्या अलीकडं, खांबाच्या बाजूला आहे.

१०.१२ — वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलेल्या सबस्टेशनच्या नंबरावर फोन केला. तिसऱ्या वेळी लागला. ड्युटीवर उत्कर्षा वर्मा मॅडम होत्या. त्यायले हिंदीत सांगितलं, की केबल तुटून लोखंडी जिन्यावर पडली आहे आणि वर एक म्हाताऱ्या बाई अडकल्या आहेत. त्या म्हणाल्या, की फीडर, म्हणजे या भागाची मुख्य लाइन, आपोआप ट्रिप होऊन बंद पडला आहे आणि पाच मिनिटांत त्या तो पुन्हा चालू करून पाहणार होत्या. आता करणार नाहीत. माझं नाव, जागा, खांबाचा नंबर आणि घड्याळातली वेळ विचारली. खांबाचा नंबर टॉर्च मारून वाचून सांगितला. म्हणाल्या की त्या ही वेळ आपल्या लॉगबुकात लिहून राहिल्या, आणि लाइनमन स्वतः "झालं" म्हणेपर्यंत फीडर बंदच राहील. तक्रार क्रमांक दिला, तो समासात लिहिला आहे. शेवटी बजावलं, की तरीही हात लावू नका. शेजारी कोणाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर त्याचा करंट उलटा तारेत येऊ शकतो.

१०.२० — गारा पूर्ण थांबल्या, पाऊस चालू. खाली उभा राहून जितका गळा आहे तितका ताणून बाईंना हाक मारली. वरच्या झरोक्यातून उत्तर आलं. जिवात जीव आला. मी सांगितलं की दाराला, कठड्याला, कशालाही हात लावू नका, खोलीच्या मधात बसा.

"पेटीवर बसले आहे बाबाराव. पाय वर घेतलेत. तुम्ही वेळ लिहिली का?"

लिहिली म्हटलं.

"मग माझी काळजी नको. मला थंडी वाजत होती म्हणून राजाचा अंगरखा घातलाय."

मले पावसात हसू आलं. लिहिणं योग्य की नाही माहीत नाही, पण जे झालं ते लिहिलं.

१०.२६ — गेटवर पिकअप गाडी थांबली. मागं ताडपत्री, खाली मोठाले ढोल-नगारे. मोहन नगरची धुमाल पार्टी, म्हणजे वरातीत गाडीवर बसून वाजवणारे. राजनांदगावकडचं लग्न वाजवून परत येऊन राहिले होते. पुढं नाल्यापाशी रस्त्यावर झाड पडलं आहे, गाडी जात नाही. त्यायचा म्होरक्या सुमेध मेश्राम, वय तीसेक. त्यानं आसरा मागितला.

"काका, आम्ही भिजलो तं वाळून जाऊ. नगाऱ्याचं चामडं भिजलं तं सीझनच गेला समजा."

रात्री दहानंतर सचिवांच्या परवानगीशिवाय बाहेरचा माणूस आत घ्यायचा नाही, हा नियम आहे. दिवाकर साहेबांना तीनदा फोन लावला, लागला नाही. त्यांच्याकडचा टॉवर गेला असावा. नियमातच पुढं लिहिलं आहे, की अडचणीच्या वेळी पहारेकऱ्यानं कारण आधी वहीत लिहावं, मग फाटक उघडावं. कारण लिहितो : एक, पाऊस आणि रस्ता बंद. दोन, फांदी उचलायला मले माणसं पाहिजेत.

१०.३४ — फाटक उघडलं. नऊ माणसं आत. नऊही नावं, सुमेधचा मोबाइल नंबर आणि गाडीचा नंबर गेटच्या पानावर. गाडी पोर्चमध्ये लावली, म्हणजे वाद्यं कोरडी राहतील. सभागृहाची किल्ली दिली नाही. सगळ्यायले एकच गोष्ट सांगितली, की मागं कोणी जायचं नाही. तिकडे जायच्या वाटेवर मंडपाची दोरी आडवी बांधली आणि एक खुर्ची ठेवली. सुमेध आपल्या मनानं त्या खुर्चीवर छत्री घेऊन बसला, कोणी चुकून जाऊ नये म्हणून.

१०.५० — घरून विजयाचा फोन आला. बोरसीलाही अंधड आहे, छपराचे दोन कवेलू उडाले, बाकी ठीक. (हे ऐकलेलं.) मी सांगितलं की इथंही ठीक आहे. मग वाटलं की सरला बाईंनी हे वाचलं तर विचारतील, ठीक म्हणजे काय. म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली की बाई खाली येईपर्यंत मी झोपत नाही.

११.०५ — लाइनमन केवलराम निषाद मोटरसायकलवर आले. नाल्यापाशी मोटरसायकल उचलून झाडावरून काढली म्हणाले. अंगावर रेनकोट, हातात रबरी दस्ताने, खांद्यावर लांब काठी. पहिले त्यायनं सबस्टेशनला फोन करून फीडर बंद असल्याचं पुन्हा विचारलं. मग टेस्टर लावून तार पाहिली. मग खांबाच्या तारांवर साखळी टाकून त्या जमिनीशी जोडल्या. म्हणजे कुठून करंट आलाच तर तो जमिनीत उतरेल. हे सगळं झाल्यावर शिडीवर चढून आमच्या इमारतीची केबल खांबापाशीच कापली आणि तिचं वेटोळं करून बाजूला ठेवलं. खाली उतरल्यावर जिन्याला आधी टेस्टर आणि मग स्वतःचा उघडा हात लावून दाखवला.

"चिंता झन कर कका. अब चढ़ जा."

काळजी नको, आता चढ, असं छत्तीसगढीत म्हणाले. वहीत त्यायची सही घेतली. वेळ ११.२६. आमचं कनेक्शन उद्या नवी केबल टाकून जोडतील. तोवर सभागृहात वीज नाही.

११.३० — स्टेजच्या सुताराच्या पेटीतून करवत काढली. फांदी एकदम ओढली असती तर जिन्याचा कठडाच खाली आला असता. म्हणून आधी बारीक फांद्या कापून भार कमी केला. धुमालवाल्यांनी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडून आणल्या. एक दोरी मोठ्या फांदीच्या बुडाशी, एक मधात. दोन्हीची टोकं खाली. सुमेध आणि मी वर, बाकी खाली. मी करवत चालवली. गुलमोहराचं लाकूड कच्चं असते, लवकर कापल्या जाते, पण ओलं असलं की करवत अडकते. सुमेध फांदी वर उचलून धरायचा, तेव्हा पातं सुटायचं. आतून बाई विचारून राहिल्या, किती राहिलं. सुमेध दर वेळी सांगायचा, आता झालंच आजी.

खाली सगळे एका लयीत दोरी ओढत होते. वाजवणारी माणसं, त्यायले सांगावं लागलं नाही. एकानं तोंडानं ताल धरला आणि बाकीचे त्याच्यावर जोर लावत गेले.

११.४८ — फांदी सुटली, दोऱ्यांवर हळूच खाली उतरली. कोणाला लागलं नाही. कठडा एका जागी वाकला आहे, पहिल्या वळणावर. दार उघडलं.

सरला बाई पेटीवरून उठून बाहेर आल्या. अंगात जरीचा अंगरखा, पायापर्यंत. कमरेला शेला, जो शोधायला गेल्या होत्या. पांढरे केस सुटलेले आणि त्यात कुठून तरी आलेली गुलमोहराची लाल पाकळी. खाली आठ माणसं मोबाइलचे टॉर्च वर करून उभी. मग धुमालमधला एक जण हात जोडून कमरेत वाकला आणि सगळे हसायला लागले. बाई सगळ्यात जास्त हसल्या. हसता-हसता त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. एक-एक पायरी मोजत खाली आलो.

११.५५ — किल्ली क्रमांक सात परत. खिळ्यावर लावली. सबस्टेशनला फोन करून सांगितलं की माणूस सुखरूप खाली आला. उत्कर्षा मॅडमनं वेळ विचारून लिहून घेतली. म्हणाल्या की आजच्या रात्रीतली ही पहिली चांगली नोंद. केवलराम भाऊंनी पुढची तक्रार आहे म्हणून पाणीही घेतलं नाही, निघून गेले. जाण्याआधी खांबावरची साखळी काढली आणि बाकी मोहल्ल्याची लाइन चालू करायला सांगितलं.

१२.०५ — मोहल्ल्यात वीज आली. आमच्याकडं अंधार. विजयाला फोन केला, ती रडली आणि मग म्हणाली जेवले का. दिवाकर साहेबांचा फोन लागला. कमलाताईंशी बोलून त्यांना कळलं होतं की बाई मागं राहिल्या, म्हणून ते तीनदा निघाले होते, दोन्ही रस्ते बंद. धुमालवाल्यांना आत घेतल्याचं सांगितलं. म्हणाले की चांगलं केलं, आता सभागृहही उघडून द्या. त्यांची परवानगी म्हणून इथं लिहिलं. सभागृह उघडलं.

१२.२० — सरला बाईंचं घर इथून चालत सात-आठ मिनिटांवर. घरी त्या एकट्याच असतात. मी पोहोचवून देतो म्हटलं, तर म्हणाल्या की पहारा सोडून तुम्ही कुठं जाणार, आणि घरी माझी वाट कोण पाहतं. स्टेजच्या मागं गॅसची शेगडी आहे. त्यायनं आल्याचा कोरा चहा मांडला. तालमीसाठी आणलेला चिवडा डब्यात उरला होता. मेणबत्त्या नाटकाच्या सामानातल्या, सहा लावल्या. आग विझवायचं सिलिंडर जवळ आणून ठेवलं, पडदे मागं बांधले.

१२.४५ — सुमेध आणि त्याची माणसं नगारे पाहून राहिली. वरून भिजले नाहीत, पण दमट हवेनं चामडं ढिलं पडलं. हात मारला की ढब-ढब. दोघं जण रद्दी पेटवून शेक देऊन राहिले होते. मी पोर्चमध्येच पेटवा म्हटलं, आत आग नको. त्यायच्याजवळ बसलो. चामडं तापत आलं की त्याचा वास बदलते. तो वास मले तीस-पस्तीस वर्षांनी आला.

तुमसरकडं आमच्या गावात दिवाळीनंतर दंडार व्हायची. रात्रभर नाच, सोंगं, गाणं. माझा मोठा काका ढोलकी वाजवायचा. तो थकला की ढोलकी माझ्या मांडीवर यायची. भिलाईला आलो आणि ते सगळं राहून गेलं. प्लांटमधून आलं की अंग आंघोळीलाही तयार नसायचं. सुमेधनं विचारलं, की काका तुमचं बोट चामड्यावर कावून असं फिरून राहिलं. मग त्याले हे सगळं सांगितलं. त्यानं गाडीतून लहान ढोलकी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

१.१० — मी ड्युटीवर आहे, असं बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या की पहारा कानांनी आणि डोळ्यांनी द्यायचा असतो, हात रिकामे आहेत. गेट दिसेल असं दाराच्या तोंडाशी बसा. रात्री दहानंतर मोठा आवाज करायची मनाई आहे, म्हणून काड्या कोणी हातात घेतल्या नाहीत. फक्त तळवे. बेंजोला वीज नव्हती, तर त्याच्या तारा नुसत्याच छेडल्या.

पहिल्यांदा हात चुकला. दुसऱ्यांदाही. मग दंडारीतली चाल आली, जशी सायकल येते. सुमेधनं ती ऐकली आणि खाली नगाऱ्यावर अगदी हलका ठेका धरला. एकदा तो पुढं गेला आणि मी मागं राहिलो. त्यानं थांबून माझी वाट पाहिली. सरला बाई चहाच्या कपावर चमचा वाजवून राहिल्या. अंगरखा अजूनही अंगातच.

इतक्या वर्षांत या वहीत मी आनंद हा शब्द कधी लिहिला नाही. तो डोळ्यांनी पाहायची गोष्ट नाही म्हणून. आज पाहिला, म्हणून लिहितो.

१.४० — गेटची फेरी. बाजूच्या घरातली वैभवी आणि तिची आई छत्री घेऊन फाटकाबाहेर उभ्या होत्या. तक्रार असेल म्हणून मी आधीच माफी मागितली. वैभवी म्हणाली, "अंकल, बंद मत करो ना. मी तं झोपलीच नव्हती." आईनं विचारलं की आतमध्ये कोण आहे, कसला कार्यक्रम आहे. सांगितलं. त्या घरी जाऊन गरम भजी घेऊन आल्या. आत दोन, वेळ १.५२.

२.३० — पाऊस थांबला. वैभवी आणि आई बाहेर, दोन. फेरी मारली. मागच्या भिंतीवरचे तीन पत्रे सरकले आहेत, पडले नाहीत. टाकीचं झाकण उडून शेजारच्या अंगणात. बाकी इमारत पाहिली, तडा नाही.

३.१५ — धुमालवाले सभागृहाच्या सतरंजीवर झोपले. सरला बाई झोपल्या नाहीत. चौकीत माझ्यासमोर बसून त्यायनं ही वही वाचली, मेणबत्ती जवळ धरून. लाल पेन पर्समध्ये होता, पर्स खुर्चीजवळ. मी म्हटलं, बाई, चुका असतील तर उद्या पहा. त्यायनं पानं मागं उलटली. मग एकाच ठिकाणी पेन लावला. जिथं मी लिहिलं, की पहिल्या पायरीवर पाय ठेवणारच होतो. तिथं समासात लिहिलं : "पुन्हा असं करू नका. मी वाट पाहिली असती."

नंतर त्या आपल्या मुलाविषयी, अनिमेषविषयी बोलल्या. तो पुण्याला असते. आज रात्रीचं त्याले सांगायचं की नाही यावर आमचा विचार झाला. मी म्हटलं की सांगा, पण अंगरख्यापासून सुरू करा. त्या हसल्या आणि म्हणाल्या की हे बरोबर आहे.

४.५० — पूर्वेकडं उजाडून राहिलं. मागं गुलमोहर पडल्यानं गच्चीवरून पहिल्यांदाच लांबपर्यंत दिसते. जमिनीवर सगळीकडं लाल फुलं आणि विरघळलेल्या गारांचं पाणी.

५.१५ — दिवाकर साहेब पायी आले, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. सरला बाईंना पाहून तिथंच पायरीवर बसले. म्हणाले की रात्रभर वाटत राहिलं, आपण मागं वळून पाहायला पाहिजे होतं. बाई म्हणाल्या की आता वळून पाहिलंत ना, मग राजाचा दुसरा प्रवेश पाठ करा, त्यात अजून तीन चुका होतात. साहेबांनी सुमेधचा हात हातात घेतला. रविवारी नाटकाआधी या म्हणाले, आणि या वेळी काड्यांनी वाजवा, कार्यक्रम संध्याकाळचा आहे. सुमेधनं होकार दिला, पण एका अटीवर. पहिली चाल काकानं वाजवायची. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी विजयाला विचारून सांगतो म्हटलं.

५.३० — नाल्यावरचं झाड हटलं अशी बातमी. (ऐकलेली.) धुमाल पार्टी बाहेर : नऊ. नावं एक-एक वाचून मिळवली. गाडी बाहेर.

५.४० — सरला बाई बाहेर, दिवाकर साहेबांसोबत. अंगरखा घडी करून मी वर पेटीत ठेवला, किल्ली सात परत खिळ्यावर; शेला तालमीसाठी खालीच ठेवला. कालची तालीम : आत चौदा, बाहेर चौदा. जुळलं.

६.०० — देवेंद्र साहू हजर. चार्ज दिला : किल्ल्या नऊ. सिलिंडरं चार. टॉर्चचे सेल संपत आले, बदलावे. बाकी कामं : नवी केबल, मागचे तीन पत्रे, जिन्याचा वाकलेला कठडा, टाकीचं झाकण शेजारून आणणे. लोखंडी जिना दुरुस्त होईपर्यंत कोणी वापरू नये, दोरी बांधून ठेवली आहे. गुलमोहर कापायला माणूस दिवाकर साहेब पाठवतील.

देवेंद्रनं माझे लाल झालेले तळवे पाहिले आणि विचारलं की रात्री काय करून राहिले होते, कका. मी म्हटलं, आधी चार्जची सही कर. मग बस, सांगतो.